पॉडकास्टच्या ट्रान्सक्रिप्टची व्हिडिओ स्क्रिप्ट करताना: काय ऐकवायचं, काय दाखवायचं

प्रश्न: माझ्या पॉडकास्टचा लोणार विवरावरचा ५२ मिनिटांचा भाग आहे. पाहुणे भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. फक्त आवाज रेकॉर्ड केलाय, कॅमेरा नव्हता. ट्रान्सक्रिप्ट तयार आहे, साधारण ७,००० शब्द. याचा १० मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. मी कापत कापत २,००० शब्दांवर आणलं, पण वाचताना अजून पॉडकास्टच वाटतो. चित्रं कुठे आणि कशी लिहायची? १७:४० पासूनचा एक तुकडा देतो:

"तर काय आहे ना, की हे सगळं दख्खनच्या पठारावर आहे, म्हणजे लाव्हाचाच खडक आहे सगळा, त्यामुळे सुरुवातीला लोकांना असंच वाटलं की हे ज्वालामुखीचं तोंड असेल, आणि ते स्वाभाविक आहे. पण मग त्याच्यात ती काच सापडली, म्हणजे मॅस्केलिनाइट म्हणतात, ते धक्क्याने होतं, नुसत्या उष्णतेनं तसं होत नाही. आणि काठ बघितला तर थर असे वर उचललेले आहेत, बाहेरच्या बाजूला झुकलेले. मी पहिल्यांदा त्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, हे खालून नाही आलेलं, हे वरून आलंय."

उत्तर:

तुमची अडचण शब्दसंख्येची नाही. तुम्ही ७,००० चे २,००० शब्द केलेत, पण त्या २,००० शब्दांनी अजूनही सगळं काम स्वतःकडेच ठेवलंय. पॉडकास्टमध्ये ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं, म्हणून बोलणारा माणूस आकार, दिशा, रंग, मागचा संदर्भ असं सगळं शब्दांतून पुरवत जातो. तेच शब्द व्हिडिओत तसेच राहिले, तर चित्राला करण्यासारखं काही उरत नाही आणि ते नुसतं मागे सरकत राहतं. त्यामुळे माझ्या मते कापायला बसण्याआधी वाटणी करायला हवी. कुठली माहिती निवेदनाने द्यायची, कुठली पाहुण्यांच्याच आवाजात हवी आणि कुठली चित्राकडे सोपवून गप्प बसायचं, हे आधी ठरवायचं. मी स्क्रिप्टकडे वळतो ते ही वाटणी झाल्यावरच.

पुढचं बरंच काही परिस्थितीवर ठरतं, ते आधी सांगतो. संभाषणाचं चित्रीकरण असतं तर पाहुण्यांचा चेहरा हाताशी असता आणि अडलं की त्यावर परत येता आलं असतं. तुमच्याकडे तो आधार नाही, त्यामुळे प्रत्येक सेकंदासाठी काहीतरी दाखवावं लागणार. पाहुणे पुन्हा एकदा अर्धा तास कॅमेऱ्यासमोर बसायला तयार असतील, तर काम खूपच सोपं होईल; विचारून बघा. ते शक्य नाही असं धरून मी पुढचं लिहितोय. दुसरं, निवेदन कोणाच्या आवाजात आहे? तुम्हीच मुलाखत घेतली असेल तर तुमच्याच आवाजात ठेवा, म्हणजे पाहुण्यांच्या तुकड्यांना ते सहज जोडलं जातं.

आधी हिशेब

मराठी निवेदन शांतपणे वाचलं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. इंग्रजीसाठी सांगितला जाणारा १५० चा आकडा आपल्याकडे चालत नाही. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब असतात. १० मिनिटांच्या व्हिडिओत सलग १० मिनिटं बोलणं नसतं आणि नसावंही. तीन मिनिटं तरी नुसतं बघण्यासाठी, श्वास घेण्यासाठी, वारा-पाण्याच्या आवाजासाठी लागतात. राहिली सात. म्हणजे निवेदन आणि पाहुणे मिळून साधारण ८०० शब्द. तुमचे २,००० शब्द हे सतरा-अठरा मिनिटांचं सलग बोलणं आहे, म्हणून ते पॉडकास्टसारखं वाटतंय.

७,००० मधून ८०० शब्द काढायचे, तर वाक्यं बारीक करून ते होणार नाही. अख्खे विषय सोडावे लागतील. त्यासाठी एक प्रश्न पक्का करायचा आणि ज्याचा त्या प्रश्नाशी संबंध नाही ते कितीही छान असलं तरी बाजूला ठेवायचं. तुमच्या तुकड्यावरून प्रश्न स्पष्ट दिसतो: हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्कापाताचा, आणि ते कळलं कसं? यात शंका आहे, चुकीचा अंदाज आहे, पुरावा आहे आणि शेवट आहे, त्यामुळे १० मिनिटं प्रेक्षकाला धरून ठेवायला एवढं पुरतं.

५२ मिनिटांच्या गप्पांत लोणासुराची कथा, दैत्यसूदनाचं मंदिर, गोमुखाची धार आणि जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं पाणी हे विषय आले असणारच. गुलाबी पाण्याचा मोह सगळ्यात मोठा, कारण चित्र तयार आहे आणि लोकांना ते आठवतं. तरीही मी ते या व्हिडिओत घेणार नाही. गुलाबी पाण्याचं कारण खारटपणा वाढणं आणि त्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. विवर कसं झालं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तिथून सुरुवात केलीत तर बघणारा रंगाच्या उत्तराची वाट बघत बसेल आणि तुम्ही त्याला खडकाबद्दल सांगत असाल. तो वेगळा चार मिनिटांचा व्हिडिओ करा, ट्रान्सक्रिप्टमध्ये मजकूर आहेच.

ट्रान्सक्रिप्टवर खुणा

आता ट्रान्सक्रिप्टची प्रत घ्या आणि मूळ आवाज लावून सोबत वाचत जा. नुसती वाचून चालत नाही. कागदावर अगदी साधं दिसणारं वाक्य पाहुण्यांनी काय सुरात म्हटलंय, त्याआधी किती थांबले, हसले का, हे लिहिलेलं नसतं, आणि नेमकं त्यावरच ते वाक्य त्यांच्या आवाजात ठेवायचं की नाही हे ठरतं. याच फेरीत आकडे आणि नावं तपासून घ्या.

मी तीन रंग वापरतो. जे फक्त पाहुणेच म्हणू शकतात ते एका रंगात: त्यांचा अनुभव, त्यांचं मत, त्यांची खात्री किंवा शंका. जे मी निवेदनात कमी शब्दांत सांगू शकतो ते दुसऱ्या रंगात: पार्श्वभूमी, तारखा, जोडणारी वाक्यं. आणि जे दाखवलं की सांगावंच लागणार नाही ते तिसऱ्या रंगात. पाहुण्यांच्या प्रत्येक वाक्यासमोर वेळ लिहा, नाहीतर संपादनाच्या वेळी एकेक वाक्य शोधत बसावं लागतं.

तुमच्या तुकड्याला हे लावून बघू. "दख्खनच्या पठारावर आहे, लाव्हाचाच खडक आहे" ही पार्श्वभूमी, ती निवेदनात, आणि तीही नकाशामुळे निम्मी होते. "थर असे वर उचललेले आहेत, बाहेरच्या बाजूला झुकलेले" हे बोलताना प्राध्यापकांचा हात नक्की हलला असणार. बोलताना "असे" आलं, की तिथे हातवारा होता असं समजायचं आणि तो चित्राकडे द्यायचा. मॅस्केलिनाइटचं वाक्य अवघड आहे, त्यावर पुढे येतो. आणि शेवटचं वाक्य, "हे खालून नाही आलेलं, हे वरून आलंय", हे त्यांचंच आहे. ते निवेदनात घेतलं तर मेलंच. एवढ्या तुकड्यातून पाहुण्यांच्या आवाजात मी हे एकच वाक्य ठेवीन.

क्रम बदलायचा

माणूस बोलताना आठवेल तसं सांगतो. प्राध्यापकांनी काच आधी सांगितली, थर नंतर आणि स्वतःचा अनुभव शेवटी. ऐकताना ते छान वाटतं. पण पुराव्यांचं वजन पाहिलं तर काच सगळ्यात भक्कम आहे. थर डोळ्यांनी दिसतात आणि शंका निर्माण करतात. काच ती शंका मिटवते. म्हणून व्हिडिओत आधी चुकीचा पण स्वाभाविक अंदाज, मग उचललेले थर, मग काठावर उभं राहून त्यांना काय वाटलं ते, आणि मग काच.

इथे एक जबाबदारी येते. त्यांचं "वरून आलंय" हे वाक्य तुम्ही काचेच्या आधी नेलंत, की बघणाऱ्याला वाटेल की काचेबद्दल कळण्याआधीच त्यांना हे जाणवलं होतं. खरं काय होतं? ते पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ते संशोधन त्यांनी वाचलेलं होतं का? खडकात धक्क्याच्या खुणा असल्याचा शोधनिबंध १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. प्राध्यापक त्यानंतर गेले असतील तर बहुधा वाचलेला असणार. फोन करून विचारा. वाचलेला असेल तर निवेदनात "पुस्तकात वाचलेलं काठावर उभं राहिल्यावर पटलं" अशा अर्थाचा एक दुवा द्यावा लागेल. वाक्यं हलवताना शब्द एकही बदलत नाही आणि तरी अर्थ बदलतो, म्हणून हलवलेल्या प्रत्येक वाक्यावर मी खूण करून ठेवतो आणि शेवटी पाहुण्यांकडून तेवढ्या जागा तपासून घेतो.

हलवण्याची दुसरी अडचण भाषेची. बोलण्यात "हे", "ते", "त्याच्यात", "तसं" फार येतं आणि त्यांचा संदर्भ आधीच्या वाक्यात असतो. वाक्य उचललं की हे शब्द लोंबकळत राहतात. "हे वरून आलंय" यातलं "हे" म्हणजे काय? पॉडकास्टमध्ये कळत होतं. व्हिडिओत त्याच्या लगेच आधी निवेदनाने किंवा चित्राने विवर समोर आणून ठेवायला हवं. इथे चित्रच ते काम करतं, म्हणून शब्द लागत नाहीत. जिथे चित्राने भागत नाही तिथे निवेदनाचं आधीचं वाक्य त्या नामावर संपवा, म्हणजे पाहुण्यांचं "ते" नेमकं त्याला जाऊन लागतं. पाहुण्यांचं वाक्य कापताना मात्र क्रियापदापर्यंत जाऊ द्या. मराठीत सूर क्रियापदावर खाली येतो. त्याआधी कापलं तर वाक्य हवेत राहतं आणि कापलेलं ऐकू येतं.

चित्राची सूचना

"लोणारचं दृश्य" ही सूचना नाही. ती वाचून संपादक इंटरनेटवरून मिळेल ते लावेल. सूचनेत चार गोष्टी हव्यात: काय दिसतंय, ते किती वेळ दिसणार, त्या वेळात त्यात काय बदलतंय, आणि ते कुठून येणार. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते आणि तिच्यामुळेच स्क्रिप्ट अडते. मी प्रत्येक सूचनेपुढे "आहे", "मागायचं", "काढायचं" किंवा "बनवायचं" असा एक शब्द लिहितो. पूर्ण स्क्रिप्ट झाल्यावर नुसता तो रकाना वाचला तरी कळतं की व्हिडिओ आपल्याला झेपणार आहे की नाही. "बनवायचं" पंचवीस ठिकाणी आलं असेल, तर स्क्रिप्ट पुन्हा लिहावी लागेल.

लोणारपुरतं सांगायचं तर तिथे अभयारण्य आहे. ड्रोनचा शॉट लिहिण्याआधी वनखात्याच्या परवानगीचा विचार करा, नाहीतर तो कागदावरच राहील. काठावरून साध्या कॅमेऱ्याने विवराचा मोठा भाग टिपता येतो. उपग्रहचित्रं नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीवर आहेत आणि ती साधारणपणे श्रेय देऊन वापरता येतात. गूगल अर्थ वापरलंत तर पडद्यावरचं त्यांचं श्रेय झाकू नका.

आता चित्र नेमकं कुठल्या शब्दावर बदलायचं. मराठीत वाक्यातली बातमी बहुतेक वेळा शेवटी येते. संपादक सवयीने वाक्य सुरू होताच चित्र बदलतो, आणि मग "कडेला आल्यावर हे थर वर उचललेले दिसतात" यातलं उचललेलं चित्र तीन सेकंद आधीच दिसून जातं. बघणाऱ्याला आधी कळतं, निवेदक नंतर सांगतो, आणि ते वाक्य फुकट जातं. म्हणून मी निवेदनातच दोन तिरक्या रेघा // घालतो. चित्र त्या जागी बदलायचं, वाक्याच्या सुरुवातीला नाही.

तुमचा तुकडा असा होईल

*चित्र १ (८ सेकंद, आहे):* महाराष्ट्राचं उपग्रहचित्र. लाव्हाचा प्रदेश एका रंगाने भरत जातो, तो भरल्यावर आपण लोणारच्या गोलाकडे उतरतो.
*निवेदन:* हा सगळा खडक लाव्हाचा. त्यात असा एक खड्डा. तो // ज्वालामुखीचाच वाटला, तर नवल नाही.

*चित्र २ (११ सेकंद, बनवायचं):* जमिनीचा उभा छेद, साध्या रेषांत. आडवे सपाट थर डावीकडून उजवीकडे सरकतात. विवराच्या काठाशी येताना थांबतात, मग वर वळतात. शेवटी बाहेरच्या बाजूचा बाण.
*निवेदन:* लाव्हा वाहतो आणि सपाट पसरतो. पण विवराच्या काठाशी हेच थर // वर उचललेत.
(बाणावर निवेदन नाही.)

*चित्र ३ (१२ सेकंद, काढायचं):* काठावरून संपूर्ण विवर. कॅमेरा स्थिर. खाली पाणी, समोरचा काठ. फक्त वाऱ्याचा आवाज, पहिले तीन सेकंद कोणी बोलत नाही.
*पाहुणे (वेळ मूळ आवाजावरून):* "मी पहिल्यांदा त्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, हे खालून नाही आलेलं, हे वरून आलंय."

*चित्र ४ (२५ सेकंद, मागायचं):* ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखालची खडकाची पातळ चकती, दोन्ही ध्रुवक एकमेकांना काटकोनात लावलेले. आधी साध्या बेसॉल्टमधला फेल्डस्पार या खनिजाचा कण. चकती फिरते तसा तो उजळतो, काळा होतो, पुन्हा उजळतो. मग लोणारचा नमुना. चकती फिरते आणि तो कण काळाच राहतो.
*निवेदन:* पुरावा खडकाच्या आत मिळाला. हा साध्या बेसॉल्टमधला फेल्डस्पार. फिरवला की // उजळतो, मावळतो. आणि हा // लोणारचा.
(पाच सेकंद शांतता. चकती पूर्ण फिरू द्या.)
*निवेदन:* याची आतली रचना मोडली आहे. नुसत्या उष्णतेनं असं होत नाही. त्याला प्रचंड धक्का लागतो.
*पडद्यावर, शेवटच्या शब्दानंतर:* मॅस्केलिनाइट

चित्र ४ बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण व्हिडिओ पॉडकास्टपेक्षा काय वेगळं देऊ शकतो ते इथे दिसतं. प्राध्यापकांना "ती काच, म्हणजे मॅस्केलिनाइट म्हणतात, ते धक्क्याने होतं" एवढंच म्हणता आलं. ऐकणाऱ्याने ते विश्वासावर घेतलं. फेल्डस्पार हा स्फटिक आहे, त्यामुळे काटकोनातल्या ध्रुवकांखाली फिरवल्यावर त्याचा उजेड कमी-जास्त होतो. धक्क्याने त्याची स्फटिकरचना विस्कटली की कणाचा बाहेरचा आकार तसाच राहतो, पण प्रकाशाच्या दृष्टीने तो काच झालेला असतो, म्हणून कसाही फिरवला तरी काळाच दिसतो. हे शब्दांत सांगायला मला आत्ता दोन वाक्यं लागली आणि तरी ते पुरतं पोचलं नसेल. दाखवलं तर बघणारा स्वतः निष्कर्ष काढतो. भूशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजमध्ये हा सूक्ष्मदर्शक असतो, आणि लोणारच्या खडकाची तयार चकती तुमच्या प्राध्यापकांच्या ओळखीत कोणाकडे तरी असण्याची बरीच शक्यता आहे. त्यांच्याकडेच मागा. स्वतः जाऊन तिथले दगड उचलू नका.

या एका तुकड्याची लांबी बघा. मूळ बोलणं पाऊण मिनिटाच्या आसपासचं होतं. नवं ५६ सेकंदांचं आहे, म्हणजे इथे वेळ वाढला. शब्द मात्र वाढले नाहीत, सत्तरच्या घरातच राहिले, पाहुण्यांचं वाक्य धरून. स्क्रिप्ट घट्ट करायची म्हणजे सगळीकडे सारखीच आवळायची असं नाही. जिथे बघण्यासारखं आहे तिथे पसरू द्यायचं आणि त्याची भरपाई मंदिरांच्या आणि दंतकथांच्या मिनिटांतून करायची.

पडद्यावरच्या मजकुराबद्दल एकच नियम मी पाळतो. जे ऐकू येतंय तेच शब्द पडद्यावर, किंवा मग ऐकू काहीच नको. डोळा एक वाक्य वाचत असताना कानावर दुसरं पडलं, तर दोन्ही निसटतात. म्हणून वर "मॅस्केलिनाइट" हा शब्द निवेदन संपल्यावर येतो. तो उच्चारायची गरजही नाही. ज्याला पुढे शोधायचं आहे त्याला नीट लिहिलेला मिळाला की झालं.

आवळताना पहिला बळी कोणाचा जातो

ट्रान्सक्रिप्ट कापताना सगळ्यात आधी "बहुधा", "असं मानतात", "अजून चर्चा आहे" हे शब्द उडतात, कारण ते भरताड वाटतात. "म्हणजे", "तर काय आहे ना" हे खुशाल काढा. पण पाहुण्यांची शंका हा मजकूर आहे. लोणारच्या बाबतीत हे विवराच्या वयाला लागू पडतं. थर्मोल्युमिनिसन्स पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. २०११ मध्ये आर्गनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. तुमच्या पाहुण्यांनी दोन्ही सांगितली असतील, आणि आवळण्याच्या घाईत तुम्ही एकच आकडा ठेवाल.

दोन्ही ठेवायचे तर स्पष्टीकरण वाढतं असं वाटतं. इथे चित्र मदतीला येतं. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पडद्याच्या पूर्ण रुंदीची एक पट्टी काढा: डावं टोक लाव्हा, उजवं टोक आज. पडदा १,९२० पिक्सेल रुंद असेल, तर ५ लाख ७० हजार वर्षं म्हणजे उजवीकडचे जेमतेम १७ पिक्सेल आणि ५२ हजार वर्षं म्हणजे दीड पिक्सेल. फोनवर दीड पिक्सेल दिसणार नाही, म्हणून पट्टीचं शेवटचं टोक मोठं करून दाखवा आणि तिथे दोन खुणा करा. निवेदन एवढंच: "वयाबद्दल अजून दोन मतं आहेत. पण दोन्ही मतांप्रमाणे हा खड्डा पडला तेव्हा // लाव्हा कधीच थंड झाला होता." शंका राहिली, दोन्ही आकडे राहिले, आणि ज्वालामुखीच्या विरोधात आणखी एक मुद्दा मिळाला. हे दृश्य मी काचेच्या आधी घालीन, थरांच्या लगेच नंतरही चालेल. पाहुण्यांच्या वाक्याची जागा कुठे पक्की होते त्यावर ते ठरवा.

सुरुवात

पॉडकास्टची पहिली तीन-चार मिनिटं सहसा नमस्कार, पाहुण्यांची ओळख आणि "सर, सुरुवात कुठून करूया" यात जातात. ती सगळी काढा. पहिल्या २० सेकंदांत विवर दिसायला हवं आणि प्रश्न कानावर पडायला हवा. साधारण १.८ किलोमीटर रुंद खड्डा आहे. ते माप सांगण्यापेक्षा काठावर एक माणूस उभा करा आणि कॅमेरा हळूहळू मागे न्या. पाहुण्यांची ओळख ते पहिल्यांदा बोलतात तेव्हा खाली नावपट्टीवर येऊ द्या, चार-पाच सेकंद. चेहरा नसल्यामुळे आवाज कोणाचा हे कळायला हवं, म्हणून त्या पहिल्या तुकड्यावर त्यांचा एखादा जुना फोटो, शक्यतो त्याच भागातला, लावा. नंतरच्या तुकड्यांना फोटोची गरज नाही, आवाज ओळखीचा झालेला असतो.

तपासणी

स्क्रिप्ट झाली की स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, चित्रांच्या सूचनांतले सेकंद धरून. मनात वाचलेलं नेहमी कमी भरतं. मग निवेदन फोनवर रेकॉर्ड करा, पाहुण्यांचे तुकडे त्यात घाला आणि चित्राशिवाय ऐका. डोळे मिटून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळंच्या सगळं कळलं, कुठेच "म्हणजे काय, दाखवा ना" असं वाटलं नाही, तर तुम्ही अजून पॉडकास्टच लिहिलाय. चित्र ४ च्या पाच सेकंदांच्या शांततेसारख्या दोन-तीन जागा तरी अशा हव्यात, जिथे नुसतं ऐकणारा अडकेल. सगळीकडे अडकायला लागला तर मात्र अतिरेक झाला, कारण बरेच लोक व्हिडिओ लावून स्वयंपाक करत असतात. मग उलट करा: आवाज बंद करून नुसत्या चित्रांच्या सूचना ओळीने वाचा. नकाशा, थर, काठ, कण, पट्टी. एवढ्यावरून प्रश्न आणि उत्तर अंधुकसं कळायला हवं. एकाच प्रकारचं चित्र सलग चार वेळा आलं असेल, तर त्या भागात अजून शब्दच गाडी ओढताहेत.

शेवटी स्क्रिप्ट प्राध्यापकांना पाठवा. पण "बघून घ्या सर" म्हणून पाठवू नका. त्या प्रश्नावर ते शुद्धलेखन दुरुस्त करून देतील. तीन गोष्टी नेमक्या विचारा. त्यांची हलवलेली वाक्यं या जागी त्यांना मान्य आहेत का. छेदाच्या आकृतीत थरांचा उतार आणि दिशा बरोबर आहे का; भूशास्त्राच्या माणसाला चुकीचा बाण लगेच खटकतो. आणि निवेदनात कुठे त्यांच्यापेक्षा जास्त खात्रीने बोललंय का. उत्तर येईपर्यंत आकृत्या बनवायला घेऊ नका, काठावरचा शॉट मात्र तोवर घेऊन या. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर झाडीमुळे काठाचे थर झाकलेले असतील, म्हणून हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात जा.